एक नंबर, अडीच टन, रात्री पावणेदोन

भाजीपाल्याच्या ऑर्डरचं भाषांतर करावं लागतं, असं सांगितलं की लोक हसतात. चार ओळींचा तर निरोप असतो. टोमॅटोला इंग्रजीतही टोमॅटोच म्हणतात, किलोला किलोच म्हणतात आणि आकडे तर सगळीकडे सारखेच. मग त्यात भाषांतर करण्यासारखं उरतं काय? प्रश्न रास्त आहे. शब्द बघितले तर खरंच फार काही उरत नाही. गाडी भलत्या दिवशी येते, माल परत जातो, हिशोबात दोनशे किलो कमी भरतात, ते सगळं न लिहिलेल्या गोष्टींमुळे होतं.

उदाहरण घेऊनच बघू. समजा, वाशीच्या घाऊक बाजारातल्या एका व्यापाऱ्याला जुन्नर भागातून माल हवा आहे. माल पुरवणाऱ्या कंपनीचं संकलन केंद्र नारायणगावजवळ आहे, पण ऑर्डर नोंदवणारं ऑफिस बंगळूरूला. तिथे मराठी कुणाला येत नाही. व्यापारी शनिवारी, १४ जून २०२५ रोजी दुपारी फोनवरून निरोप पाठवतो:

"सोमवारच्या मार्केटला टोमॅटो दीडशे कॅरेट, एक नंबर, रंग धरलेला. उन्हाळ कांदा मोठा अडीच टन, गोल्टी पन्नासएक गोणी. कोथिंबीर बाराशे. माल परवासारखा भारी पाहिजे. गाडी रात्री पावणेदोनपर्यंत लागली पाहिजे."

मधल्या माणसाचं काम असं की हा निरोप इंग्रजी फॉर्ममध्ये उतरवायचा आणि मंजूर झालेला फॉर्म संकलन केंद्रावर माल निवडणाऱ्या-भरणाऱ्या मंडळींसाठी पुन्हा मराठीत आणायचा.

१. निरोप आणि फॉर्म

फॉर्मला रकाने असतात: माल, वाण, प्रत, आकार, कशात भरायचा, एका नगाचं वजन, नग किती, एकूण निव्वळ वजन, तारीख, गाडी येण्याची वेळ कधीपासून आणि कधीपर्यंत. निरोपाला रकाने नसतात. तो वर्षानुवर्षं एकमेकांशी व्यवहार करणाऱ्या माणसांमध्ये जातो, त्यामुळे दोघांना माहीत असलेलं कुणी लिहीत नाही. वरच्या निरोपात गोणी किती किलोची, बाराशे म्हणजे बाराशे काय, कोणती रात्र, यातलं एकही सांगितलेलं नाही, आणि तरीही नारायणगावच्या माणसाला तो जवळजवळ पूर्ण कळतो.

म्हणून निरोपातले शब्द एकेक उचलून फॉर्ममध्ये ठेवले की निम्मे रकाने रिकामे राहतात. रिकामा रकाना कुणालाच आवडत नाही. ऑफिसातला माणूस तो अंदाजाने भरतो, आणि हे अंदाजच पुढे नडतात. भाषांतर करणाऱ्याने आधी बघायचं ते हे की कोणता रकाना बाजाराच्या रिवाजाने भरता येतो आणि कोणता व्यापाऱ्याला विचारल्याशिवाय भरता येत नाही.

२. मालाचं नाव: लाल कांदा लाल असतो का?

नावं सोपी वाटतात आणि बहुतेक सोपीच असतात. काही ठिकाणी नुसती गंमत होते. आपल्या बाजारात "फ्लॉवर" म्हणजे फुलकोबी. तो शब्द तसाच इंग्रजीत गेला तर समोरचा झेंडू-शेवंती समजेल. "कॅरेट"चंही तसंच. नारायणगाव-नाशिक पट्ट्यात प्लॅस्टिकच्या क्रेटला सर्रास कॅरेट म्हणतात, आणि फोनवर ऐकणाऱ्याला ते गाजराच्या इंग्रजी नावासारखं ऐकू येतं. "टोमॅटो दीडशे, कॅरेट" असं मध्ये स्वल्पविराम पडून लिहिलं गेलं, तर एका मालाचे दोन माल होतात.

कांद्याचं प्रकरण मात्र गमतीचं नाही. नाशिक-पुणे पट्ट्यात "लाल कांदा" हे रंगाचं नाव नाही, ते हंगामाचं नाव आहे. खरिपात लावलेला आणि साधारण ऑक्टोबरपासून बाजारात येणारा कांदा म्हणजे लाल कांदा. त्याच्या पाठोपाठ येतो तो उशिराच्या खरिपाचा, रांगडा. रब्बीत लावलेला आणि मार्च ते मे या काळात काढलेला तो उन्हाळ कांदा. लाल कांदा फार टिकत नाही, काढला की विकावा लागतो. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो, म्हणून पावसाळाभर तोच बाजारात असतो.

इंग्रजीत "रेड अनियन" म्हटलं की मात्र फक्त रंग कळतो, पांढरा किंवा पिवळा नव्हे, एवढंच. त्या अर्थाने आपला उन्हाळ कांदाही "रेड अनियन"च. इंग्रजी ऑर्डरवर जूनमध्ये "रेड अनियन" असं आलं आणि कुणी ते "लाल कांदा" असं मराठी केलं, तर केंद्रावरचा माणूस म्हणेल, "आत्ता लाल कांदा कुठून आणू?" त्याचं बरोबरच आहे. उलट बाजूने, आपल्या निरोपातल्या "उन्हाळ"चं कुणी "समर अनियन" केलं, तर वाचणाऱ्याला तो उन्हाळ्यात लावलेला कांदा वाटेल.

उपाय सरळ आहे. फॉर्ममध्ये लिहायचं: "रेड अनियन, रब्बी क्रॉप, स्टोअर्ड". रंग, हंगाम आणि चाळीत ठेवलेला असल्याची नोंद, तिन्ही एका ओळीत येतात. वाणाचा रकाना कोरा राहिला तरी या मालाला फरक पडत नाही, कारण घेणारा वाण बघत नाही. तो टिकाऊपणा आणि आकार बघतो.

३. प्रत: एक नंबर म्हणजे कितवा?

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती इथे.

"एक नंबर"चं इंग्रजी कुणीही "क्लास वन" असं करील. शब्द बरोबर जुळतात, पण अर्थ एक पायरी खाली उतरतो. फळं-भाज्यांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणांमध्ये साधारणपणे तीन वर्ग असतात: "एक्स्ट्रा", "क्लास वन" आणि "क्लास टू". भारतात १९३७ च्या कायद्याखाली चालणाऱ्या ॲगमार्कच्या फळभाज्यांच्या प्रतवारीतही हीच मांडणी दिसते. म्हणजे "क्लास वन" ही वरून दुसरी पायरी आहे. वाशीचा व्यापारी एक नंबर म्हणतो तेव्हा त्याच्या मनात सगळ्यात वरचा माल असतो.

मग "एक्स्ट्रा" लिहावं का? तेही नाही, कारण मुळात या दोन मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. शाळेत वर्गात पहिला येणं आणि पहिला वर्ग मिळवणं यात जो फरक आहे, तोच इथे आहे. वर्गात पहिला कोण, हे त्या वर्षी वर्गात कोणकोण आहे यावर ठरतं. पहिला वर्ग मात्र ठरावीक गुणांवर मिळतो, मग सगळा वर्ग त्यात बसो की कुणीच न बसो. बाजारातला एक नंबर हा त्या दिवशी आलेल्या मालातला पहिला. आठवडाभर पाऊस झाला असेल तर त्या दिवशीच्या एक नंबरवरही थोडे डाग असतात आणि ते सगळ्यांना मान्य असतं. लिखित प्रतीला पावसाशी देणंघेणं नसतं.

म्हणून प्रतीचं नाव भाषांतरित न करता तिचा मजकूर भाषांतरित करावा, असं माझं ठाम मत आहे. व्यापाऱ्याला विचारायचं, "एक नंबर म्हणजे तुम्हाला काय काय चालणार नाही?" माणसं काय हवं ते मोघम सांगतात, पण काय नको ते अगदी नेमकं सांगतात. टोमॅटोबद्दल उत्तर साधारण असं येतं: तडा गेलेला नको, मऊ पडलेला नको, डाग नको, लहान-मोठा मिसळलेला नको. हे चार नकार इंग्रजीत नीट उतरतात आणि बंगळूरूचा माणूस ते तपासूही शकतो.

कांद्याला तर नकारांचे तयार शब्दच आहेत. दोन गाभे एकत्र आलेला तो जोड कांदा. फुलाचा दांडा आलेले ते डेंगळे. शिवाय जाड मानेचा, कोंब आलेला, साल निघालेला. इंग्रजीत या प्रत्येकाला शब्द आहे: "डबल्स", "बोल्टर्स", "थिक नेक", "स्प्राउटेड", "पील्ड". हे शब्द एकमेकांवर चपखल बसतात, कारण दोन्हीकडच्या माणसांनी तोच दोष हातात धरून त्याला नाव दिलं आहे. आकाराचं तसं नाही. "मोठा" आणि "गोल्टी" हे शब्द इंग्रजीत "लार्ज" आणि "स्मॉल" होतात खरे, पण एकाचा मोठा हा दुसऱ्याचा मध्यम असतो. तिथे मिलिमीटरमध्ये व्यास मागून घ्यावा. आपल्या व्यापाऱ्याने मोठ्या कांद्यासाठी "पंचावन्नच्या वर" असं सांगितलं, असं धरू. मग फॉर्ममध्ये "५५ एमएम प्लस" येतं आणि वाद संपतो.

आता "रंग धरलेला" बघा. टोमॅटो किती पिकलेला हवा, हे अंतरावर ठरतं. लांब जायचा माल कमी रंगाचा भरतात आणि जवळचा जास्त रंगाचा. अमेरिकेच्या कृषी खात्याने टोमॅटोच्या रंगाच्या सहा पायऱ्या ठरवल्या आहेत आणि इंग्रजी ऑर्डरींमध्ये त्यांची नावं बऱ्याचदा दिसतात. पहिली पूर्ण हिरवी. दुसरीत, "ब्रेकर"मध्ये, रंग नुकता फुटलेला असतो, दहा टक्क्यांहून जास्त नाही. "टर्निंग"मध्ये दहा ते तीस टक्के, "पिंक"मध्ये तीस ते साठ, "लाइट रेड"मध्ये साठ ते नव्वद आणि त्यापुढे "रेड". रंग धरलेला म्हणजे यातलं नेमकं काय, हे व्यापारी टक्क्यांत सांगणार नाही. त्याला विचारावं, "निम्म्याच्या आत रंग चालेल की निम्म्याच्या वर?" तो म्हणाला निम्म्याच्या आत, तर "टर्निंग टू पिंक" लिहिलं की काम झालं. "पिंक"चं मराठी मात्र चुकूनही "गुलाबी" करू नये. गुलाबी टोमॅटो कोणता, हे शोधत भरणारा अख्खा ढीग चाळत बसेल.

"भारी" आणि "हलका" या शब्दांना जपावं. बाजारात भारी माल म्हणजे उत्तम प्रतीचा आणि हलका म्हणजे कमी प्रतीचा. वजनाशी त्यांचा संबंध नाही. नवख्याने "भारी"चं "हेवी" केलं, की वाचणारा नगामागचं वजन वाढवून ठेवतो. आणि "परवासारखा" म्हणजे? परवा मागेही असतो आणि पुढेही. इथे मागचा आहे, कारण मालाची तुलना आलेल्या मालाशीच होते. शनिवारचा परवा म्हणजे गुरुवार, १२ जून. इंग्रजीत तारीख लिहावी, म्हणजे त्या दिवशीच्या मालाचा फोटो किंवा पावती शोधता येते.

४. किती? आणि कशाचे?

मराठी आकड्यांत सव्वा, दीड, अडीच, साडे, पावणे यांची जी सोय आहे ती मराठी माणसाला इतकी अंगवळणी पडलेली असते की त्यात काही अवघड आहे असं वाटतच नाही. "दीडशे" म्हणजे १५०, "अडीच टन" म्हणजे २,५०० किलो. "पाऊणशे" म्हणजे ७५, पण "पावणेदोनशे" म्हणजे १७५, कारण तिथे दोनशेतून शंभराचा चतुर्थांश, म्हणजे पंचवीस वजा होतात. मराठी थोडंफार शिकलेल्या माणसाला "दोनशे" ऐकू येतं आणि "पावणे" निसटतं. त्यामुळे फॉर्ममध्ये आकडा नेहमी अंकातच लिहावा आणि वजन किलोत लिहावं. टनही नको, कारण इंग्रजीत टन एकाहून जास्त प्रकारचे आहेत.

याहून फसवा आहे "पन्नासएक". हा ५१ नव्हे. हा "पन्नासच्या आसपास" आहे. तसंच "दहा-बारा", "शंभरेक". बोलताना ही मोघम संख्या सभ्यपणाची असते, समोरच्याला थोडी सवलत देणारी. फॉर्ममध्ये मोघम संख्या बसत नाही. ती एकतर पक्की करून घ्यावी, नाहीतर दोन टोकं लिहावीत: ४८ ते ५२ गोण्या. आपण ठरवून ५० लिहून टाकले, तर ४९ गोण्या आल्यावर कंपनी दंड लावते आणि ज्याने मुद्दाम "पन्नासएक" म्हटलं होतं त्या व्यापाऱ्याला हा प्रकार कळतही नाही.

मग येतं वजन. टोमॅटोचा क्रेट साधारण वीस किलोचा धरतात. पण वीस किलो मालाचे की क्रेटसकट? रिकामा प्लॅस्टिक क्रेट दीड किलोचा धरला, तर दीडशे क्रेटचं वजन सव्वादोनशे किलो होतं. म्हणजे भरणाऱ्याने क्रेट काट्यावर ठेवून वीस किलो भरले आणि घेणाऱ्याने वीस किलो निव्वळ माल समजून पैसे दिले, तर ३,००० किलोऐवजी २,७७५ किलोच पोचले. यात चोरी कुणीच केलेली नाही. इंग्रजी फॉर्ममधला "नेट" हा एक शब्द मराठी चिठ्ठीत उतरला नाही, एवढंच. त्याचं मराठी "निव्वळ" असं केलं तर कागदावर बरोबर दिसतं. पण काट्यापाशी उभ्या असलेल्या माणसासाठी "क्रेट सोडून माल वीस किलो" असं लिहिलेलं जास्त उपयोगी पडतं.

गोणीचं वजन तर गावागणिक बदलतं, तेव्हा ते विचारायलाच हवं. व्यापारी म्हणाला पन्नास किलोची, तर गोल्टी ५० × ५० = २,५०० किलो.

आणि कोथिंबीर बाराशे. इथे न सांगितलेला शब्द आहे "जुड्या". पालेभाजीचे व्यवहार शेकड्यावर चालतात. पुण्याच्या मार्केट यार्डातले पालेभाज्यांचे भावसुद्धा शंभर जुड्यांचे छापून येतात. बंगळूरूच्या फॉर्ममध्ये मात्र आकड्यापुढे आपोआप "केजी" लागतं. १,२०० किलो कोथिंबीर! ही चूक ओळखायची एक सोपी खूण आहे. गाडीतल्या मालाची बेरीज करून बघायची. टोमॅटो ३,०००, कांदा २,५००, गोल्टी २,५००, म्हणजे आठ टन झाले. त्यावर बाराशे किलो कोथिंबीर चढवली तर वजन कदाचित बसेलही, पण एवढी पालेभाजी जागा केवढी खाईल, हे कुणीही गाडीवाला फोनवर सांगेल. किलोत लिहिणं भागच असेल, तर केंद्रावर दहा जुड्या वजन करून मागाव्यात. जुडी पावसात वेगळी भरते आणि उन्हात वेगळी, म्हणून मागचा आकडा वापरू नये.

भाव या निरोपात नाही, पण असता तर तिथेही हेच. "भाव अडीचशे" म्हणजे कशाचा? पुण्यात फळभाज्यांचा भाव दहा किलोचा सांगतात, म्हणजे किलोला २५ रुपये. नारायणगावात टोमॅटोचा भाव वीस किलोच्या क्रेटचा, म्हणजे किलोला साडेबारा. क्विंटलचा धरला तर किलोला अडीच. आकडा एकच आणि किंमत दहापटीने इकडची तिकडे.

५. सोमवारची रात्र कोणत्या तारखेची?

वाशीला भाजीपाला रात्रीतून येतो आणि व्यवहार पहाटेपासून सुरू होतात. म्हणून "सोमवारच्या मार्केटला" याचा अर्थ माल सोमवारी उजाडायच्या आत गाळ्यावर हवा. मग "रात्री पावणेदोन" ही रात्र रविवारची. मराठी बोलण्यात रात्र ही आदल्या दिवसाचं शेपूट असते, सूर्य उगवेपर्यंत वार बदलत नाही. घड्याळ आणि फॉर्म मात्र बाराच्या ठोक्याला तारीख बदलतात. म्हणून ही वेळ फॉर्ममध्ये १६ जून, ०१:४५ अशी येते.

इथे चुका तीन प्रकारे होतात. "रविवारी रात्री" असं मनात धरून कुणी १५ जून, ०१:४५ लिहितो, म्हणजे गाडी पुरा एक दिवस आधी बोलावली. निरोपातला "सोमवार" आणि "रात्री" जोडून कुणी १७ जून लिहितो, म्हणजे बाजार उरकून गेल्यावर गाडी. तिसरा "रात्री" म्हणून "पीएम" लावतो, कारण रात्री नऊ-दहाला पीएमच असतं, आणि मग गाडी भर दुपारी पावणेदोनला पोचते. तिन्ही चुका टाळायला चोवीस तासांचं घड्याळ, तारीख आणि वार हे तिन्ही एकत्र लिहावेत. वार आणि तारीख जुळत नसतील तर चूक वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

"पर्यंत"कडेही बघावं लागतं. व्यापाऱ्याने फक्त शेवटची वेळ सांगितली आहे. फॉर्मला दोन टोकं हवीत, कधीपासून आणि कधीपर्यंत. सुरुवातीची वेळ कोरी ठेवली की संगणक मध्यरात्र धरतो, आणि अकरालाच पोचलेला चालक रस्त्याच्या कडेला गाडी लावून उभा राहतो. की अकराला आलेली चालेल? हे व्यापारीच सांगू शकतो. आपल्या उदाहरणात तो म्हणाला, साडेबाराच्या आधी गाळ्यावर हमाल नसतात. मग स्लॉट झाला ००:३० ते ०१:४५.

राहिला "लागली". बाजारात गाडी "लागते" म्हणजे गाळ्यापाशी येऊन उतरवायला तयार होते. गाडी "खाली होते" म्हणजे सगळा माल उतरतो. यात तासभराचं अंतर सहज असतं. इंग्रजीतला नुसता "डिलिव्हरी टाइम" यातला कोणताही असू शकतो, म्हणून "व्हेइकल ॲट शॉप" असं उघड लिहावं. माल उतरून पूर्ण होण्याची वेळ हवी असेल, तर तिच्यासाठी वेगळा रकाना मागावा.

६. परतीचा प्रवास

आता तोच फॉर्म मंजूर होऊन केंद्रावर आला. भरणाऱ्यांसाठी त्याचं मराठी करायचं आहे. इथे बऱ्याच जणांना वाटतं की मूळ मराठी निरोप पुढे पाठवला की झालं. तसं चालत नाही, कारण फॉर्ममध्ये मधल्या काळात नव्या अटी आल्या आहेत. कंपनीने टोमॅटोपुढे "टॉलरन्स टेन पर्सेंट" असं घातलं आहे. मराठीत "दहा टक्के सूट" असं लिहिलं तर भरणारा समजेल की वजनात दहा टक्के कमी चालेल. अर्थ तो नव्हे. वरच्या प्रतीच्या मालात, वजनाने किंवा नगाने, दहा टक्क्यांपर्यंत एक पायरी खालचा माल निघाला तरी लॉट नाकारायचा नाही, एवढीच ती मुभा आहे. सडलेला माल त्या मुभेत येत नाही. तपासणारा वाशीला पाच क्रेट उघडेल, म्हणजे शंभर किलो. त्यात दहा किलोपर्यंत बारीक डागाचा टोमॅटो चालेल, अकरा किलो झाला तर बोलणी सुरू होतात.

चिठ्ठीवर वेळही उलटी लावावी लागते. नारायणगावहून वाशीला भरलेली गाडी चार-पाच तास घेते. १६ तारखेला ००:३० ते ०१:४५ मध्ये लागायची, तर ती रविवारी, १५ तारखेला रात्री साडेआठच्या आत निघाली पाहिजे. भरणाऱ्याला स्लॉट नको असतो, गाडी कधी निघायची ते हवं असतं. फॉर्ममध्ये सोमवार आणि चिठ्ठीत रविवार, दोन्ही बरोबर.

चिठ्ठी मग अशी होते:

"टोमॅटो १५० क्रेट. क्रेट सोडून माल २० किलो. रंग निम्म्याच्या आत, पूर्ण हिरवा नको. तडा, मऊ, डागी नको, एका क्रेटमध्ये एकाच आकाराचा. शंभर किलोत दहा किलोपर्यंत बारीक डागाचा चालेल, सडलेला एकही नको. उन्हाळ कांदा ५५ मिलिमीटरच्या वर, २,५०० किलो, ५० किलोच्या गोण्या ५०. जोड, डेंगळे, कोंब आलेला नको. गोल्टी ५० किलोच्या गोण्या ४८ ते ५२. कोथिंबीर १,२०० जुड्या. गाडी रविवारी, १५ तारखेला रात्री ८.३० च्या आत निघेल. वाशीला गाळ्यावर रात्री १२.३० ते १.४५, म्हणजे सोमवार उजाडायच्या आत."

ही चिठ्ठी मूळ निरोपाच्या जवळजवळ तिप्पट लांब आहे आणि बाजारात कुणी अशी बोलत नाही. पण काट्यावरचा मुलगा कालच कामाला लागलेला असला, तरी तो हिच्यावरून गाडी भरू शकतो. पाठवण्याआधी ती व्यापाऱ्याला फोनवर वाचून दाखवायची. ऐकताना तो फक्त तीन ठिकाणी थांबतो: वजन, रंग आणि वार. तिथेच आपणही वाचताना सावकाश व्हायचं आणि नुसतं "हो, हो" आलं तर पुन्हा विचारायचं.

एक ओळ मात्र बहुतेक चिठ्ठ्यांतून गळते. इंग्रजी फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात असतं, "रिजेक्शन्स ॲट सप्लायर्स कॉस्ट". भरणाऱ्याच्या कामाचं नाही म्हणून ती सोडून देतात. पण अकराव्या किलोवर अडलेले क्रेट त्याच गाडीने परत येतात आणि त्यांचं भाडं केंद्रावर पडतं. हे आधी माहीत असेल तर निवडणारा शंकेचा टोमॅटो क्रेटमध्ये टाकत नाही, बाजूला काढतो. म्हणून चिठ्ठीत शेवटी एवढं घालावं: "वाशीला न चाललेला माल परत येईल, परतीचं भाडं आपल्याकडे."